अपडेट आणि आत्याचं मेन स्विच

माझ्या लॅपटॉपला भूक फार. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एकदा त्याला मोकळं सोडलं, तर माझा दिवसाचा दीड जीबी त्यानं सकाळच्या चहाआधीच फस्त केला. तेव्हापासून मी हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ करून टाकलंय. म्हणजे मोठी अपडेट्स तो आपल्या मनानं उतरवत नाही, वायफायची वाट बघत बसतो.

आणि नेमकं आता कंपनीचं पत्र आलं: नोकरीची परीक्षा सोमवारी, घरूनच, पण लॅपटॉपवर ताजं अपडेट हवं. अपडेट चार जीबीचं आणि आमच्या गावात रेंजची एकच काडी! वायफाय होतं ते अहमदपूरला, पारूआत्याकडे. मला जायचं नव्हतं. बारावीनंतर ‘महामायाला कशाला पुढं शिकवता, लगीन लावून द्या’ असं बाबांना सांगणारी हीच आत्या. पण गरज माझी होती. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन एसटीत बसले. संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, असं ठरवूनच.

आत्याच्या वायफायवर डाउनलोड झटक्यात झालं. रीस्टार्ट करून इन्स्टॉल सुरू केलं आणि तिच्यासोबत बुद्धविहारात वंदनेला गेले. घराबाहेर पडताना मेन स्विच खाली ओढायचं, हा आत्याचा जुना शिरस्ता. कुलूप मी लावत होते, स्विच तिनं ओढलं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, तो नुसता चार्जरवर जगतो.

परत आलो तर मेन स्विच खाली आणि लॅपटॉप बंद. स्विच वर करून लॅपटॉप सुरू केला, तर पडद्यावर ‘बदल मागे घेत आहोत’. अपडेट पुसून तो जुन्यावर आला. इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून. ते होईपर्यंत संध्याकाळची गाडी जाणारच. मला रडू आलं, रागही आला, आणि मी तो बोलूनही दाखवला.

आत्या म्हणाली, “हितंच राहा. परीक्षाबी हितंच दे. लाइटीला मी हात लावू देत न्हाई कुणाला.”

जेवण होईपर्यंत अपडेट पूर्ण झालं. परीक्षेत मध्येच दुसरं काही सुरू होऊ नये म्हणून पुढची अपडेट्स आठवडाभर थांबवून ठेवली.

सोमवारी मी आतल्या खोलीत पेपर सोडवत होते. आत्या दारात, मेन स्विचखाली खुर्ची टाकून बसलेली. मध्येच शेजारच्या सिंधुकाकू आल्या. त्यांनी काही विचारायच्या आत आत्याचा दबका आवाज माझ्या कानावर आला, “जरा वेळानं या. आमची माया नोकरीची परीक्षा द्यायलीय. तिला शिकवू नका म्हणले होते मी. चुकलं माझं.”

पुढचा प्रश्न मला दोनदा वाचावा लागला, डोळे भरून आले होते म्हणून.