दक्षिणेतली वर्तुळं

अंकुरला गिऱ्हाइकांशी वाद घालायची वाईट खोड होती. महापेतल्या एका स्टुडिओत तो एआयसाठी प्रॉम्प्ट, म्हणजे कसलं चित्र हवं त्याचं वर्णन, लिहायचा. कॅलेंडरांसाठी, हॉटेलच्या भिंतींसाठी रात्रीच्या आकाशाची चित्रं बनायची. सगळ्यांना ताऱ्यांची गोल गोल वर्तुळंच हवी असायची, कुठल्याही दिशेला. अंकुर प्रत्येकाला सांगायचा, की तारे ध्रुवाभोवती फिरतात, म्हणून आपल्याकडे पुरी वर्तुळं फक्त उत्तरेला दिसतात. दक्षिणेला नुसत्या बुटक्या कमानी. मालक रणजीत वैतागायचा. "गिऱ्हाईक मागंल ते दे की. मास्तरकी कशाला?"

त्या दुपारी अंकुर वाद घालायच्या अवस्थेत नव्हता. आदल्या रात्री घणसोलीच्या खाडीत भराव टाकणारे डंपर अडवले म्हणून त्याच्या काकाला, तुळशीरामला, लोखंडी सळईने फोडून काढलं होतं. दोन्ही पाय गेले होते. रिक्षात काकाने एवढंच सांगितलं, "डंपरांचा मालक, उदयसिंह व्हता. सोताच्या हातानं मारलंन." अंकुर रात्रभर हॉस्पिटलात होता आणि आता फक्त रजा सांगायला आला होता.

तेवढ्यात दार ढकलून तिघे आत आले. पुढच्याने रणजीतच्या खांद्यावर हात टाकला. "उदयसिंह. फोनवर बोललो होतो." रणजीत चहाचं निमित्त काढून जो सटकला, तो परत आलाच नाही.

काकाने रिक्षात सांगितलेलं नाव हेच. उदयसिंहच्या मनगटावर ताजा ओरखडा होता. या माणसाला आपण कोण ते कळलं तर आपण इथून उभे जात नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

"मला फोटोचा नाद हाय," उदयसिंह खुर्ची ओढत म्हणाला. "काल रात्री मी खारघरच्या डोंगरावर होतो. तिथं मी काढलेला वाटंल असा फोटो बनवून दे."

अंकुरने प्रॉम्प्ट लिहिला. ट्रायपॉडवर कॅमेरा, रात्रभराचे फोटो एकावर एक चढवलेले. पुढे डोंगरातला ओढा, पाणी रेशमासारखं. खाली दक्षिणेला महामार्ग, गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा. वर, सवयीने, बुटक्या कमानी. चित्र आलं आणि ते खरं वाटण्याइतकं चांगलं होतं.

उदयसिंहने त्याच्या कानाखाली एवढ्या जोरात मारली की चष्मा टेबलाखाली गेला. "ह्या वाकड्या रेघा कसल्या रं? तारं गोल फिरत्यात. लोकांनी बघत राह्यलं पायजे."

"सर, तिकडं..." अंकुरने तोंड उघडलं. मागच्याने त्याचे केस धरून कपाळ कीबोर्डवर आपटलं. नाकातून रक्त आलं. "गोल कर म्हनला ना सायेब."

तोंडात रक्ताची चव होती आणि जिभेवर रोजचं वाक्य. अंकुरने दोन्ही गिळलं. त्याला भयंकर भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली, इतका वेळ रडू आवरून धरलेल्या जागी, आनंद झाला. त्याने कमानी खोडल्या. लिहिलं, महामार्गाच्या वर ताऱ्यांची पुरी, एकात एक वर्तुळं. प्रॉम्प्ट तोंडपाठ होताच; चित्राखाली आलेला सीड नंबरही त्याने डोळ्यांनी पाठ केला. तोच प्रॉम्प्ट, तोच नंबर, तेच मॉडेल असलं की तेच चित्र पुन्हा येतं.

"हां," उदयसिंह खूष झाला. "आता कसं."

त्याने चित्र मोबाइलवर घेतलं, मशीनवरचं सगळं पुसायला लावलं. मग अंकुरचा उजवा हात लोखंडी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि बुटाने ड्रॉवर बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज अंकुरने ऐकला. "हे न बोलण्यासाठी," उदयसिंह म्हणाला. ड्रॉवर पुन्हा उघडून त्याने आणखी एक लाथ घातली.

संध्याकाळी चित्र उदयसिंहच्या सोशल मीडियावरच्या पानावर झळकलं आणि छापील प्रत पोलिसांकडे गेली: साहेब घटनेच्या वेळी खारघरला फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकाश बघणाऱ्या हौशी पोरांनी त्या पानावर हसून हसून धिंगाणा घातला. दक्षिणेला ध्रुवतारा कधीपासून उगवायला लागला, असं विचारत होते.

उदयसिंह म्हणाला, फोटोत थोडी सजावट केली, पण मी होतो तिथंच.

तेव्हा अंकुर हाताला प्लॅस्टर घेऊन पोलीस ठाण्यात गेला. फौजदार स्मिता यांच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर त्याने डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, तो प्रॉम्प्ट टाइप केला आणि खाली नंबर टाकला. पडद्यावर ओढा उतरला, महामार्ग उजळला, वर्तुळं फिरली. स्मितांनी छापील प्रत शेजारी धरली. पाण्यातला दगडसुद्धा तोच होता.

"दक्षिणेला असं दिसत नाही, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो, मॅडम. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो मी."

"मग त्याला का नाही सांगितलंस?"

अंकुरने प्लॅस्टरमधल्या बोटांकडे पाहिलं. ती पुन्हा नीट वळतील की नाही, हे डॉक्टरांनी अजून सांगितलं नव्हतं.

"त्यालाच एकट्याला नाय सांगितलं," तो म्हणाला.