आवाज न झाल्यास

मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी सोसायटीला अर्ज दिला, तोही समास सोडून. राहत्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी पाच ते साडेसहा शिकवणी, एका वेळी सहाच मुलं, दारावर पाटी नाही, मुलांची नावं आधीच गेटवर. परवानगी नाकारली तर मुलगा घराला कुलूप लावून त्यांना आपल्याकडे नेणार होता. ते अर्जात नव्हतं, पण बाईंना धास्ती त्याचीच होती. मुलाच्या घरी त्यांना जेवायला वेळेवर मिळालं असतं, काम मात्र काहीच नाही.

कमिटीच्या मीटिंगमध्ये खालच्या फ्लॅटमधल्या काकांनी हरकत घेतली. "माझ्या डोक्यावर सहा घोडे नाचणार!"

"जाड सतरंजी टाकते," बाई म्हणाल्या.

"आणि चपलांचा ढीग?"

"दाराच्या आत. आईबाप गेटवरून परत जातील."

चेअरमननी तीन महिन्यांची परवानगी दिली. अटी लिहायचं काम सेक्रेटरींचं. आपल्या मसुद्यात कानामात्राही हलवायची गरज नसते, असं त्यांचं ठाम मत होतं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं, त्याची एक प्रत काकांनाही गेली. शेवटची अट होती: "आवाज न झाल्यास परवानगी तत्काळ रद्द करण्यात येईल."

बाईंचा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला आणि तिथेच थबकला. ही चूक दुरुस्त करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं! आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी दुसऱ्याची चूक तशीच सोडली आणि दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

आठवड्यानं काका आपली प्रत घेऊन दारात उभे राहिले. आत मुलं कविता म्हणत होती.

"बाई, आवाज केला नाही तर रद्द? हा काय प्रकार आहे?"

तीस वर्षं बाईंनी एकेका वेलांटीसाठी मुलांचे गुण कापले होते. आता स्वतःवर वेळ आल्यावर मूग गिळून बसायचं? त्यांनी काकांच्या हातातला कागद ओढला, 'न'वर लाल काट मारली आणि 'आवाज झाल्यास' असं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"घ्या. आता करा तक्रार."

"तुम्हीच लिहा. माझं शुद्धलेखन तुम्हाला बघवणार नाही."

कमाल आहे माणसाची! बाई लिहायला बसल्या. समास सोडून त्यांनी 'माननीय सचिव' लिहिलं.

"तक्रारीचं कारण?"

काका खाकरले. "लिहा, मुलं शेवटचं कडवं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. खाली धड ऐकू येत नाही. रोज मी चहा घेऊन खिडकीत बसतो आणि ऐन शेवटी घोटाळा होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग वर्गाकडे वळून त्या कडाडल्या, "शेवटचं कडवं पुन्हा! आणि खालच्या मजल्यावर पोचलं पाहिजे!"