मार्फत प्रभारी मुख्याध्यापिका

सुजाता बच्छाव बाईंनी अर्ज लिहिला तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मे संपायच्या आत. मे अखेरीला त्या निवृत्त होणार होत्या, आणि निवृत्त शिक्षकाला संस्था किती ओळखते हे त्यांनी सुमनबाईंच्या वेळी पाहिलं होतं. सुमनबाई थकलेल्या फरकाची चौकशी करायला आल्या, तर वॉचमनने त्यांना पालक समजून बालवर्गाचा प्रवेश अर्ज दिला. वर अर्जाचे दोनशे रुपयेही मागितले. सुमनबाईंनी ते दिले, कारण मागे रांग होती.

फरक म्हणजे पगाराचा फरक. दोन वर्षांपूर्वी संस्थेने ठराव करून नवी वेतनश्रेणी मागच्या तारखेपासून लागू केली होती. पुढचा पगार वाढून आला. मागच्या दीड वर्षाचा फरक दोन हप्त्यांत देण्यात येईल, पहिला हप्ता दिवाळीला, असं परिपत्रक निघालं. कोणत्या दिवाळीला, ते परिपत्रकात नव्हतं.

बाईंनी अर्जात ठराव क्रमांक टाकला, रक्कम टाकली आणि सगळ्यात खाली 'प्रत माहितीसाठी: शिक्षण कार्यालय, सिल्वासा' असं लिहून ती प्रत स्वतः नेऊन दिली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी अर्ज वाचला. मंगला टीचरनी तर डोळे पुसले. सहीची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला तास होता. शनिवार होता आणि शाळा सुटून गेली होती, तरी होता.

आता, संस्थेच्या सचिवांना अर्ज द्यायचा तर तो मुख्याध्यापकांमार्फत जावा लागतो, त्यांच्या शेऱ्यासकट. मुख्याध्यापक होते रमाकांत सर. 'शिफारस' लिहिलं तर सचिव भूपतभाई बिथरणार, 'शिफारस नाही' लिहिलं तर स्टाफ सकाळी नमस्कार करणार नाही. सरांनी अर्ज घेतला, दोनदा वाचला, आणि त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. विश्रांतीची मुदत भूपतभाईंचा राग निवायला जितकी लागते, बरोबर तितकीच होती. जाताना सरांनी नियमाप्रमाणे सर्वात ज्येष्ठ शिक्षकाकडे चार्ज दिला.

सर्वात ज्येष्ठ बच्छाव बाईच होत्या.

सोमवारी बाई मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसल्या. समोर पेपरवेटखाली त्यांचाच अर्ज. आवक रजिस्टर काखेत धरून पुतळाबाई उभी होती. पुतळाबाई शाळेची शिपाई; तिने पाच मुख्याध्यापक पाहिले होते आणि एकाचंही तिला कौतुक नव्हतं.

"हेडबाई, हा अर्ज पडलाय."

"कोणाचा आहे?" बाईंनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"बच्छाव बाईंचा," पुतळाबाई म्हणाली. "फार मागं लागल्यात."

बाईंनी शेरा लिहायला घेतला. 'अर्जदार कर्तव्यदक्ष शिक्षिका असून' इथपर्यंत आल्यावर त्यांना संकोच वाटला. 'कर्तव्यदक्ष' खोडून त्यांनी 'ज्येष्ठ' केलं, 'मागणी ठरावानुसार आहे, शिफारस' असं लिहून सही ठोकली आणि अर्ज पाठवून दिला. आता अर्जावर त्यांची दोन ठिकाणी सही होती.

आठवड्याभरात भूपतभाईंकडून दोन पाकिटं आली. पहिल्यात आदेश होता: श्रीमती बच्छाव यांनी संस्थेला डावलून परस्पर सरकारी कार्यालयात प्रत दिली, संस्थेची बदनामी केली, प्रभारी मुख्याध्यापिकेने त्यांना मेमो द्यावा, खुलासा घ्यावा आणि आपल्या अभिप्रायासह सादर करावा. सचिवांना चार्ज कोणाकडे आहे ते ठाऊक होतं. हसू त्यांना आलं असेल, बाईंना आलं नाही. चौकशी लोंबकळत राहिली तर निवृत्तीचे कागद अडतात, ग्रॅच्युइटी अडते. अशी अडलेली ग्रॅच्युइटी मिळवायला लोक काठी टेकत येतात, आणि वॉचमन त्यांना प्रवेश अर्ज देतो.

मेमो बाईंनी स्वतः टाइप केला. तो त्या मुख्याध्यापकांच्या टेबलावरच घ्यायला निघाल्या तर पुतळाबाईने अडवलं. मेमो शिक्षकाला त्याच्या जागेवर द्यायचा असतो. मग बाई उठून स्टाफरूममध्ये गेल्या, आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्या, मागून पुतळाबाई डाकवही घेऊन आली. सगळ्यांनी वह्या तपासण्यात माना घातल्या. आतला शब्द न् शब्द पाठ असूनही बाईंनी पाकीट फोडून मेमो पहिल्यापासून वाचला.

खुलासा त्यांनी घरी लिहिला, टोकरखाड्याच्या दोन खोल्यांत, भाजी चिरायच्या टेबलावर. विलासराव खडोलीच्या सुताच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आले, मेमो वाचला, मग खालची सही वाचली.

"तू त्या बाईशी एकदा बोलून बघ ना," ते म्हणाले. "तुझ्याच हाताखालची आहे."

बाई हसल्या नाहीत, तेव्हा ते हात धुवायला गेले.

दुसरं पाकीट बाईंनी दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. पुढच्या आठवड्यात बोर्डाची समिती शाळा तपासायला येणार होती. अकरावी-बारावीची मान्यता त्यावर होती, आणि त्या मान्यतेच्या भरवशावर भूपतभाईंनी तिसरा मजला चढवला होता. सोबत भरायचा नमुना होता. त्यात शेवटून दुसरी ओळ: 'सर्व कर्मचाऱ्यांना सुधारित वेतनश्रेणीनुसार वेतन बँकेमार्फत दिले असून कोणतीही थकबाकी नाही.' खाली दोन सह्यांच्या जागा, सचिव आणि शाळाप्रमुख. सचिवांची सही आधीच झालेली होती.

रमाकांत सर असते तर त्यांनी उभ्याउभ्या सही केली असती. बाईंनी हिशेब बघणाऱ्या परागला बोलावून विचारलं, हे खरं आहे का. पराग म्हणाला, मॅडम, मी फक्त रकाने भरतो. मग बाईंनी मुख्याध्यापक जे करतात तेच केलं. परिपत्रक काढलं: बोर्डाच्या तपासणीसाठी माहिती हवी आहे, फरक मिळाला की नाही ते प्रत्येकाने एका ओळीत लिहून सहीनिशी आज सादर करावे.

मधल्या सुट्टीच्या आत सगळ्यांचे कागद टेबलावर होते. मंगला टीचरनी 'मिळाला नाही' खाली रेघही मारली होती. अर्जावर सही करायला जी माणसं धजली नव्हती, तीच रांगेत उभी राहून गेली. अर्ज ही तक्रार होती, आणि तक्रार करायची भीती वाटते. ही माहिती होती, आणि माहिती वेळेत दिली नाही तर मेमो मिळतो. बच्छाव बाईंनीही आपला कागद इतरांसारखाच दिला. पुतळाबाईने आवक क्रमांक टाकून घेतला.

सगळ्या कागदांच्या प्रती जोडून बाईंनी सचिवांना कळवलं, की नमुन्यावर सही करता येत नाही, दिलगीर आहे. पत्र पोचल्यावर तासाभरात बोलावणं आलं.

भूपतभाईंचं ऑफिस सायलीला, त्यांच्या प्लायवूडच्या कारखान्यात होतं. काचेपलीकडे करवत चालू होती आणि टेबलावरच्या पाण्याला बारीक थरथर होती. कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत कमरेला पट्टा बांधून रमाकांत सर बसले होते. ताठ. पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं.

भूपतभाईंनी चहा विचारला नाही. त्यांनी सांगितलं, की सर उद्या रुजू होतील आणि सही करतील, बाईंनी चार्ज परत द्यावा. बाईंनी मान डोलावली आणि फाइल सरांच्या पुढे ठेवली. सरांनी वरचा कागद उचलला. मग त्याच्या खालचा. 'मिळाला नाही'. 'मिळाला नाही'. सगळ्यांवर सह्या, सगळ्यांवर आवक क्रमांक. पुढेमागे कोणी विचारलं असतं तर या कागदांच्या वर 'थकबाकी नाही' लिहून खाली सही कोणाची, ते स्पष्ट दिसलं असतं. सरांचा हात हळूहळू मागे कमरेकडे गेला.

"शेठ," ते म्हणाले, "अजून कळ येतेय."

करवत थांबली आणि पुन्हा सुरू झाली. भूपतभाईंनी ड्रॉवरमधून एक चेक काढून बाईंकडे सरकवला. तयारच होता. नाव बाईंचं, रक्कम अर्जातलीच.

"बेन, तुमचा विषय मिटला. मेमो पण फाडू. एक सही करा ने."

बाईंनी चेक पाहिला. दोन वर्षं हा आकडा त्यांनी मनातल्या मनात खर्च केला होता, आणि प्रत्येक वेळी पुरला होता. नुसत्या बच्छाव बाई म्हणून बोलावलं असतं तर त्यांनी तो उचलला असता. हे त्या पुढेही कधी नाकारत नसत. पण बोलावलं होतं हेडबाईंना.

"हा बच्छाव बाईंचा झाला," त्या म्हणाल्या. "ओळीत 'सर्व कर्मचारी' असं आहे."

"मेमोची चौकशी मी पाच वरस चालवू शकतो, ठाऊक छे?"

"ठाऊक आहे."

"अने तुमची ग्रॅच्युइटी?"

"तेही ठाऊक आहे. समिती मात्र बुधवारी येते."

भूपतभाई काचेतून बाहेर बघत राहिले. तिसऱ्या मजल्याच्या फरशा अजून लावायच्या होत्या. त्यांनी चेक उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि परागला फोन लावला.

मंगळवारी चौथ्या तासाला शिक्षकांचे फोन एकामागून एक वाजले: बँकेचे संदेश, फरक जमा. मंगला टीचर फळ्याकडे तोंड करून रडल्या. बच्छाव बाईंचा फोन वाजला नाही. त्यांनी तो बंद करून चालू केला, खिडकीत धरला, मग परागला विचारलं. परागने मान खाली घालून सचिवांची चिठ्ठी दाखवली: श्रीमती बच्छाव यांची चौकशी प्रलंबित असल्याने त्यांची रक्कम निकालापर्यंत रोखावी.

म्हणजे एक कर्मचारी राहिला. सही करता येत नव्हती, आणि समिती उद्या सकाळी.

बाई मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून राहिल्या. मेमोवरच्या अभिप्रायात 'निर्दोष' लिहिलं तर भूपतभाई मंजूर करणार नाहीत. स्टाफला पैसे देऊन त्यांचा पुरेसा अपमान झालेला होता. निकालावर सचिवांची सही तर हवीच. माणसाला सही करताना काहीतरी गोड लागलं पाहिजे. बाईंनी कागद ओढला आणि अभिप्राय लिहिला: 'खुलासा असमाधानकारक. श्रीमती बच्छाव यांचे वर्तन त्यांच्या वयास व ज्येष्ठतेस शोभणारे नाही. त्यांना सक्त ताकीद देऊन प्रकरण बंद करावे.' 'वयास' लिहिताना पेन क्षणभर अडलं, पण वाक्याला ते हवं होतं.

पुतळाबाई रिक्षाने सायलीला गेली. भूपतभाईंनी वाचलं आणि म्हणे दोनदा वाचलं. 'मंजूर' लिहून सही केली. बँक बंद व्हायच्या आत बाईंचा फोन वाजला. त्यांनी आकडा शेवटच्या पैशापर्यंत तपासला, मग नमुना पुढे घेतला आणि शेवटून दुसऱ्या ओळीखाली सही केली. आता ती ओळ खरी होती.

शाळा सुटताना पुतळाबाईने त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. ताकीद शिक्षकाला त्याच्या जागेवर द्यायची असते. बाईंनी डाकवहीत सही केली, पाकीट फोडलं, 'वयास' या शब्दापर्यंत वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं. त्या दिवशी पुन्हा त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या नाहीत. चावी पुतळाबाईनेच लावली.

समिती आली, गेली. सोमवारी रमाकांत सर पट्ट्याशिवाय रुजू झाले. फरकाची सगळ्यात मोठी रक्कम त्यांच्याच खात्यात पडली होती. त्यांनी चार्ज घेतला, फाइल चाळली आणि शेवटच्या कागदाशी थांबले.

"बाई, फार कडक लिहिलंय हो," ते हळहळत म्हणाले. "मी असतो तर नुसती समज दिली असती."

"तुम्ही नव्हता, सर," बाई म्हणाल्या, आणि तासाला गेल्या.