खिळ्यावरची वेळ

प्राध्यापक मानसिंग फडतरे लष्करात शिक्षकाची नोकरी करून आले होते. साताऱ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागल्यावर शंका विचारणाऱ्या पोरांची दारातली ढकलाढकली त्यांना बघवेना. त्यांनी सुताराकडून एक फळी करून घेतली. आठवड्याच्या प्रत्येक मोकळ्या अर्ध्या तासाला एक खिळा, खाली वार आणि वेळ. प्रत्येक विद्यार्थ्याला नावाचं एकच पुठ्ठ्याचं कार्ड. मोकळा खिळा दिसला की त्यावर कार्ड अडकवायचं. बेत बदलला तर कार्ड काढून दुसऱ्या मोकळ्या खिळ्यावर लावायचं. कार्ड एकच, म्हणून कुणी दोन वेळा अडवून ठेवत नसे, आणि सोडलेला खिळा लगेच सगळ्यांना दिसे. महिनाभर कुरकुर म्हणून कुणाची नाही. फडतऱ्यांना फळीचा भलताच अभिमान वाटू लागला.

मग संस्थेच्या चेअरमनांनी निरोप धाडला, की आमच्या पुतण्याला गुरुवारी सकाळी वेळ द्या. सकाळचे सगळे खिळे भरलेले. फडतऱ्यांनी जरा विचार केला, आणि विजयमाला नावाच्या विद्यार्थिनीचं गुरुवार सकाळचं कार्ड उचलून त्याच संध्याकाळच्या मोकळ्या खिळ्यावर टाकलं. पुतण्याचं, म्हणजे कृष्णातचं कार्ड शुक्रवारी होतं, तेही त्यांनीच सकाळी आणून लावलं. एवढ्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणाले.

गुरुवारी विजयमाला कोरेगावहून एसटीनं वेळेवर आली. तिच्या खिळ्यावर दुसऱ्याचंच नाव. ती आत जाऊन शांतपणे म्हणाली, "सर, संध्याकाळी थांबले तर परतीची गाडी मिळत न्हाई. माझं कार्ड मी हलवलं नव्हतं."

तेवढ्यात कृष्णात धापा टाकत आला. काकांनी का पाठवलं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याला शुक्रवारच हवा होता, कारण तोवर धडा वाचून व्हायचा होता. आत्ता विचारायला त्याच्याजवळ एकही शंका नव्हती.

म्हणजे ज्याच्यासाठी हलवलं त्याला नको होतं, आणि जिला हवं होतं तिचं हिसकावलं होतं. फडतऱ्यांनी विजयमालाला बसवलं, तिच्या शंका सोडवल्या, आणि कृष्णातला त्याचं कार्ड परत शुक्रवारी लावायला सांगितलं. फळीच्या कडेला रंगानं लिहून घेतलं : ज्याचं कार्ड, त्याचाच हात. सरांना स्वतःला अडचण आली तर त्या खिळ्यावर लाल पुठ्ठा लावायचा, विद्यार्थ्याला निरोप द्यायचा, आणि नवी वेळ त्यानंच निवडायची, असंही ठरलं.

घडलेलं सगळं त्यांनी चेअरमनांना भीतभीतच सांगितलं. साहेब मात्र खूश झाले. असली शिस्त संस्थेत हवीच, म्हणाले, आणि आपल्या कचेरीबाहेर तशीच फळी लावून घेतली, सागवानी. कडेला तेच वाक्य, मोठ्या अक्षरात. भेटायला येणारे आपापली कार्डं लावून जात.

दिवस मावळायच्या आत ती कार्डं, कुणाला आधी बोलवायचं त्याप्रमाणे, पुढं-मागं होत. हलवायचे अर्थात साहेब स्वतःच.