बांधावरचं शेवटचं गवत

उभा जन्म अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून मुक्ताबाई घाटनांदूरच्या शेतावर राहायला आल्या. दूध संस्थेने त्यांना अध्यक्षपद देऊ केले आणि त्यांनी ते हक्काचे मानून स्वीकारले. त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. दुष्काळाने ती छाती दिली.

चाऱ्यासाठी सगळ्या बांधांवरचे गवत-झुडूप कापायचे, असा ठराव सभेपुढे आला. मुक्ताबाईंनी एका नियतकालिकासाठी नुकताच समीक्षालेख लिहिला होता. बांध आणि कुंपणांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा तो आढावा. तो सभेत वाचला की माणसे आपोआप वठणीवर येतील, अशी त्यांची खात्री. सचिव शहादेव त्यांचा जुना विद्यार्थी. त्यालाच त्यांनी वाचायला लावले.

“पीक निघाले की शेत उघडे पडते. न नांगरलेल्या बांधावर गवताच्या बुडख्यांत ढालकिडे आणि कोळी तग धरतात. पुढच्या पिकावर मावा पडला की तो खायला तेथूनच शेतात उतरतात. तितर त्याच गवतात अंडी घालते.” पुढे प्रामाणिकपणे लिहिले होते, की बहुतेक अभ्यास परदेशातल्या ओल्या मुलखातले आहेत, कीड सर्वत्र घटतेच असे नाही, कोरडवाहू भागाविषयी फारसे ठाऊक नाही.

शहादेवने कागद खाली ठेवला. “बाई, म्हंजी सगळीकडं वाळलं तरी बांधावर गवत ऱ्हातं, असंच ना?”

सभा हसली. मागून भिवराबाई कडाडली, “तितराला घर पायजे, अन् माझ्या म्हशीला काय ह्यो कागूद चारू?”

“बांधाची एकच बाजू कापा,” मुक्ताबाईंनी फर्मावले. “दुसरी पावसापर्यंत राहू द्या.”

“अर्ध्या गवतावं म्हैस तरी अर्धीच जगती व्हय, बाई?” भिवराबाईने विचारले.

मुक्ताबाईंनी दाराकडे पाहिले. बाहेर कडब्याच्या काड्या चघळत उभ्या असलेल्या म्हशींच्या बरगड्या दारातून दिसत होत्या. ठरावावर अध्यक्षांची सही लागते, आणि दुष्काळातला ठराव पहिल्यांदा अध्यक्षांच्या शेतावर लागू व्हावा, हा नियम त्यांनी स्वतःच घालून दिला होता. त्यांनी सही केली.

सकाळी त्यांचा बांध कापला गेला. कुसळीचे गवत आणि बोरीच्या फांद्या विळ्यांनी सपासप उतरल्या. फुटलेल्या अंड्यांवर मुंग्या चढल्या होत्या. शहादेवने मात्र एक बोर हट्टाने राखली.

“ही तुमच्यासाठी सोडली बगा, बाई. नाराज होऊ नका.”

“माझ्यासाठी?” मुक्ताबाईंनी विचारले.

भिवराबाईची म्हैस कापलेल्या गवताच्या पेंढीत तोंड खुपसून खात होती. तिच्याकडे रागाने पाहणे मुक्ताबाईंना जमेना.

संध्याकाळी त्या बोरीवर किडे टिपणारा खाटीक पक्षी येऊन बसला. मान वळवून त्याने खालची जमीन न्याहाळली. बुडखे होते, धूळ होती. हलणारे काहीच नव्हते. बराच वेळ तो बसून राहिला. मुक्ताबाईही.