बदललेलं विमान

नीलकंठ मेश्रामांनी बरोबर अठ्ठेचाळीस तास आधी चेक-इन केलं होतं. पस्तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेला माणूस. वेळेच्या आधी हजर आणि कागद हातात, याच्यापलीकडे जगात काही लागतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. बायकोचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून जास्तीचे पैसे भरून सगळ्यात पुढची जागा घेतली. पुष्पाबाईंना १-सी, स्वतःला शेजारची १-बी. गुडघ्याबद्दल कंपनीला मात्र एका शब्दानं कळवलं नाही. व्हीलचेअर मागायला आपण काय आजारी आहोत, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी डुमना विमानतळावर ते पासांचे प्रिंट खिशात घेऊन निवांत चहा पीत बसले होते. हैदराबादला विभावरीचं, त्यांच्या लेकीचं, उद्या सकाळी आठला सिझेरियन. दोघांनाही आज पोचायचं होतं, आणि आज तिकडे जाणारं विमान हे एकच.

तेवढ्यात घोषणा झाली. मोठ्या विमानात बिघाड निघालाय, त्याच्या जागी छोटं पंख्याचं विमान येतंय, सर्व यात्री कृपया काउंटर से नया बोर्डिंग पास लें. लोक उठून धावले. हां हां म्हणता रांग दारापर्यंत गेली.

पुष्पाबाई म्हणाल्या, आपणही उभं राहावं. नीलकंठरावांनी खिसा थोपटला. ज्यांच्याकडे पास नाही त्यांच्यासाठी आहे ते, आपले नंबर ठरलेले आहेत, असं त्यांनी समजावलं आणि आणखी एक चहा सांगितला. रांगेतली भांडणं, धक्काबुक्की बघून त्यांना जरा बरंही वाटत होतं, हे कबूल करायला हवं. कुणी उद्या जायला तयार आहे का, असं कंपनीच्या लोकांनी दोनदा विचारलं. तेही त्यांनी दुसऱ्यांची पंचाईत म्हणून ऐकलं.

पाऊण तासानं ते सुरक्षा तपासणीला गेले, तर जवानानं पास मशीनवर धरून परत दिला. ये नहीं चलेगा, अंकल, नया लाइए.

काउंटरवर सुनेत्रा नावाची मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर आडनाव मराठी दिसलं, तेव्हा नीलकंठरावांचा आवाज चढला. बायकोचा गुडघा वाकत नाही म्हणून पैसे भरलेत, नंबर दिलाय, तो काढून घेणारे तुम्ही कोण, इथपर्यंत गाडी गेली. सगळा राग त्या पोरीवर निघाला, आणि तिनं तो ऐकून घेतला. मग कीबोर्डवरून हात काढून ती म्हणाली, "काका, नंबर त्या विमानाचा होता. ह्या विमानात बी नाहीच, एका बाजूला दोनच सीटा. ए अन् सी. तुमची जागा कंप्यूटरला सापडलीच नाही."

"अन् १-सी? ती तर हाये ना?"

"हाये. पण इथं पहिल्या रांगेशी आपत्कालीन दरवाजा हाये. गुडघा न वाकणाऱ्याला तिथं बसवता येत नाही. आधी कळवलं असतं तर आम्ही काकूंसाठी दुसरी राखली असती."

नीलकंठरावांनी विचारलं, मग आता कोणती. मोठ्या विमानाची एकशे दहा माणसं आणि छोट्यात जागा बहात्तर. काही जण आपणहून थांबले, बाकीच्यांना आले तसे पास दिले गेले. एकच जागा उरली होती, चौदा-एफ, उजवीकडची खिडकी. म्हणजे उजवा पाय भिंतीशी, पसरायला रस्ता नाही. उरलेला माणूस उद्याच्या विमानानं.

"तुम्ही नको," ते बायकोला म्हणाले. "दोन घंटे पाय दुमडून बसणं तुमच्यानं होणार नाही. मी जातो."

पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्या एकट्या नागपूरपलीकडे गेल्या नव्हत्या.

"तिचं पोट चिरून राहिले उद्या," त्या म्हणाल्या, "अन् मी गुडघ्याचं काय सांगू तिले? लिही पोरी, माझं नाव."

सुनेत्रानं व्हीलचेअर मागवली. पुष्पाबाई तिच्यात बसल्या, आणि खुर्ची तपासणीच्या दारापलीकडे गेली. नीलकंठरावांना हात करायचंही सुचलं नाही. राग आला होता, आणि तो काढायला समोर कुणी उरलं नव्हतं.

विमान उडाल्यावर विभावरीचा फोन आला. दोघं बसलात ना, तिनं विचारलं.

"आई बसली." ते थांबले. कंपनीनं ऐन वेळी विमान बदललं, हे वाक्य जिभेवर आलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. "मी नाही गेलो. सगळे रांगेत होते, बेटा. मी चहा पीत होतो."