सातचं तिकीट, चारचं फाटक

स्टेडियमचा पत्ता एका ओळीचा होता आणि बरोबरही होता. तरी ॲम्ब्युलन्स एका कुलूपबंद फाटकासमोर येऊन थांबली. "तुम्ही पोहोचलात," मोबाइल म्हणाला. आत मॅच रंगात आली होती. गलका भिंतीवरून ऐकू येत होता, पण आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"काका, हे कुठं आलो आपण?" नर्सने विचारलं.

"मागच्या अंगाला." ड्रायव्हर म्हणाला. "नकाशातली पिन मैदानाच्या मधोमध असते. तिथून जो रस्ता जवळचा, तिथं आणून सोडतो हा."

नर्सने फोन लावला. आत एका माणसाच्या छातीत कळ आली होती आणि फोन त्याच्या बायकोकडे होता.

"कुठं आहात तुम्ही?" बायकोने ओरडूनच विचारलं.

"बाहेरच आहोत, ताई. तुम्ही कुठल्या गेटने आत गेलात?"

"काय माहीत! गर्दीबरोबर शिरलो."

"तिकीट हातात घ्या. त्यावर छापलेलं असतं."

खुडबुड ऐकू आली.

"गेट सात. ब्लॉक एम. यांना हळूहळू गेटपर्यंत आणू का?"

"अजिबात चालवू नका. आहेत तिथंच बसवून ठेवा. शेजारच्या कुणाला तरी सिक्युरिटीचा माणूस गाठायला सांगा आणि त्याच्याकडे फोन द्या."

ड्रायव्हरने गाडी वळवलीच होती. सात नंबर कुठल्या बाजूला, हे भिंतीवरचे आकडे वाचत तो शोधू लागला. अकरा, दहा, नऊ. एवढ्यात फोनवर सिक्युरिटीवाल्याचा जाड आवाज आला.

"सातला येऊ नका. तिथं एकेक माणूस सोडणारी फिरती दांडी आहे, वर पायऱ्या. ही सगळी गेटं माणसांसाठी. तीस हजार लोक एका दारातून सोडले तर चेंगरून मरतील, म्हणून वाटून दिलीत. गाडी चारनेच आत येते. आतला रस्ता एम ब्लॉकच्या खाली जातो. मी स्ट्रेचरसाठी माणसं उभी करतो."

"चार कुठं?"

"पार्किंगच्या फलकापाशी डावीकडे वळा. पत्र्याचं मोठं फाटक."

सात मागे पडलं. तिथं आइस्क्रीमवाले, झेंडेवाले, उशिरा आलेले प्रेक्षक. ड्रायव्हरने सायरन वाजवला, हॉर्न दाबला, दोनदा शिवी गिळली. पत्र्याचं फाटक उघडंच होतं.

स्ट्रेचरवरून आणलेला माणूस पांढराफटक पडला होता, पण शुद्धीवर होता. हॉस्पिटलच्या वाटेत त्याने बायकोला विचारलं, "स्कोअर किती?" ती रडता रडता त्याच्यावर खेकसली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं.

ड्रायव्हरच्या डोक्यातून मात्र ते कुलूप जाईना. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने स्टेडियमला पायी वळसा घातला. कुठल्या गेटमधून गाडी जाते, कुठं पायऱ्या, कुठं नुसता मालाचा टेम्पो लागतो, सगळं एका वहीत उतरवलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "इतका वेळ कुठं होतात?"

"बाहेर फिरत होतो," तो म्हणाला. "उद्या मॉलला जातो. तिथं नऊ दारं आहेत म्हणे."